चार फुटांच्या आत

"अहो, झाकण उघडा! झाकण! ते वरचं चौकोनी!"

बाई ओरडत होत्या. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेला तो आवाज. तो ऐकून समोरच्या वाण्याने शटर अर्धं वर नेलेलं तिथंच सोडलं, आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने काही कारण नसताना चावी बंद केली, असं मला नंतर त्यानेच सांगितलं. मी सहा पायऱ्यांच्या शिडीवर होतो. डोक्यावर माझंच सीलिंग, त्यात मीच बसवून दिलेलं दोन बाय दोनचं झाकण. मी ते झटक्यात उघडलं.

"उघडलं!"

"मग व्हॉल्व्ह बंद करा!"

मी मान आत घातली, टॉर्च फिरवला. स्लॅब दिसला. पत्र्याच्या पट्ट्या दिसल्या. एक पाल दिसली, तिने माझ्याकडे 'काय काम काढलंत' अशा नजरेने पाहिलं. व्हॉल्व्ह दिसला नाही. पाइपसुद्धा दिसला नाही. पाण्याचा आवाज मात्र येत होता, हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून, तीस फूट लांबून.

"बंद झाला का?"

"बाई, इथे व्हॉल्व्ह नाहीये."

"म्हणजे झाकण कशाला केलंत? हवा खायला?"

आता हे सगळं काय होतं ते सांगतो. मी फॉल्स सीलिंगची कामं घेतो. अर्ध्या पुण्याच्या डोक्यावर माझं छत आहे. अर्ध्या म्हणजे अगदी अर्ध्या नाही, पण हडपसरपासून कात्रजपर्यंत कुठल्याही दवाखान्यात आडवे पडलात तर वर जे पांढरंशुभ्र दिसतं, ते माझं असण्याची शक्यता दाट. बाई निवृत्त झाल्या आणि शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा तळमजला घेऊन त्यांनी तिथे अभ्यासिका काढायचं ठरवलं. स्पर्धा परीक्षांची मुलं. शेजारच्या गल्लीतली अभ्यासिका अचानक बंद झाली होती, मुलांची पूर्वपरीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि पुस्तकांचे गठ्ठे घेऊन ती बिचारी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसून राज्यघटना पाठ करत होती. बाईंनी त्यांना शब्द दिला होता, सोमवारी सकाळी दहा वाजता दार उघडेल. दहा म्हणजे दहा. बाईंनी उभ्या आयुष्यात एकही तास उशिरा सुरू केला नव्हता, घंटा उशिरा वाजली तर त्या शिपायाला सोडून घंटेलाच रागवायच्या असं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला सांगितलं आहे.

तो सोमवार उजाडला आणि साडेसातला मला फोन आला. "आपलं छत फुगलंय."

बाई सगळ्यांना 'आपण' म्हणत. त्या 'आपण'मध्ये एवढी धार असे की माणसाला वाटावं, त्यापेक्षा सरळ शिवी परवडली.

मी माझ्या मिस्त्रीला मागे बसवून स्कूटरवरून असा निघालो की सिग्नल लाल व्हायला घाबरले. हॉलमध्ये गेलो. पूर्वेच्या टोकाला, शेवटच्या रांगेतल्या टेबलांच्या वर, बोर्डाला पोट आलं होतं. पोट म्हणजे लग्नातल्या आचाऱ्याला असतं तसं. जिप्समचा बोर्ड म्हणजे कागदाच्या दोन तावांमध्ये दाबलेलं प्लास्टर. कोरडा असताना राजा, ओला झाला की भिजलेली खारी. एक अख्खा बोर्ड कोरडा असतानाच वीसएक किलो भरतो. त्यावर पाणी साचलं की काय होतं ते मी एकदा कोंढव्यातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये पाहिलं आहे, ते इथे लिहीत नाही, त्या बाईंचं अजून चालू आहे पार्लर.

मी पहिलं शहाणपणाचं काम केलं. पोटाच्या मधोमध स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडलं आणि खाली बादली धरली. धार लागली. बादली भरली. दुसरी भरली. पोट जरा उतरलं. पण वरून येणारं पाणी थांबेना.

"गच्चीवरचा मेन व्हॉल्व्ह बंद करतो," म्हणून मी तीन मजले धावत गेलो. गच्चीवरच्या टाकीला व्हॉल्व्ह होता. त्याचं चाक मी फिरवलं. ते फिरलं. आणखी फिरलं. मग ते सुटून माझ्या हातात आलं आणि पाणी पूर्वीसारखंच खाली जात राहिलं. सोसायटीच्या प्रत्येक सभेत त्या व्हॉल्व्हचा विषय निघत असे आणि चहा आल्यावर मागे पडत असे, असं नंतर कळलं. त्याच कारणाने तर पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह बसवलेला होता. काकांच्या घरचा पाण्याचा पाइप तळमजल्याच्या स्लॅबखालून जायचा, म्हणजे आता आमच्या सीलिंगच्या वरून. व्हॉल्व्ह तिथे. म्हणून तर तिथे झाकण.

म्हणजे, तिथे झाकण असायला हवं होतं.

तेवढ्यात वरचे काका खाली आले. बनियन, पंचा, हातात तांब्या. "माझ्या नळाला पाणी बारीक का येतंय, हे विचारायला आलो होतो," ते छताकडे बघत म्हणाले. "आता विचारायची गरज राहिली नाही."

"काका, घरचे सगळे नळ बंद करा," मी म्हणालो.

काका वर गेले, बंद करून खाली आले. धार दुप्पट झाली.

"अहो," बाई म्हणाल्या, "बाहेर जायची वाट बंद केलीत, तर पाणी इथूनच येणार. नळ उघडा म्हणावं. सगळे."

"उघडू?" काकांचा चेहरा पाहवेना. "माझ्या वडिलांनी साठ साली शिकवलंय, थेंब सांडायचा नाही. बत्तीस वर्षं महापालिकेला मी पाणी वाचवायची पत्रं लिहितोय."

"मग आज एक तास महापालिकेला कळवू नका."

काका पुन्हा वर गेले. सगळे नळ उघडे ठेवून, घरातलं प्रत्येक पातेलं भरून, शेवटी गॅलरीतल्या तुळशीला इतकं पाणी घातलं की तुळस दोन दिवस कोमेजली होती. पण खाली धार बारीक झाली. पोट थांबलं. वेळ मिळाला. घड्याळात सव्वाआठ.

"आता," बाई म्हणाल्या, "आपण त्या झाकणातून आत जा आणि रांगत व्हॉल्व्हपर्यंत जाऊन तो बंद करा."

"रांगत?"

"आपणच सांगितलं होतंत ना. काम चालू असताना. या छतावर हत्ती झोपला तरी कूस बदलणार नाही म्हणून."

सांगितलं होतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दवाखान्यात हत्ती, बँकेत गेंडा, घरी सांगायचं असेल तर सासरचे दहा पाहुणे. आजवर कुणी हत्ती आणला नव्हता.

"बाई," मी घसा साफ करून म्हणालो, "हत्ती हे बोलायचं असतं. हे छत फक्त स्वतःचं वजन पेलतं. माणूस गेला की बोर्डासकट खाली."

"मग हत्तीचं काय?"

"हत्तीला परवानगी नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तिसरीच्या वर्गात उभा असल्यासारखा झालो.

खरं तर हा सगळा डोलारा कसा उभा राहतो हे लोकांना माहीत नसतं म्हणून आमचं फावतं. स्लॅबला भोक पाडून फास्टनर ठोकायचा, त्याला पत्र्याची उभी पट्टी लटकवायची, तो हँगर. हँगरांना आडवे चॅनेल, त्यांना आम्ही इंटर म्हणतो. दोन इंटरमध्ये चार फूट. एकाच इंटरवरच्या दोन हँगरमध्येही चार फूट. इंटरच्या खाली, काटकोनात, दर दीड फुटावर सेक्शन, आणि सेक्शनला खालून बोर्ड, नऊ-नऊ इंचांवर स्क्रू मारून. सगळं लटकतं, काहीही उभं नसतं. पंख्यासारखी जड वस्तू सुद्धा आम्ही या जाळीवर घेत नाही, ती थेट स्लॅबला टांगायची. आणि या पट्ट्यांच्या मधल्या अंधारात पाइप असतात, वायरी असतात, एसीचं पाणी जायची नळी असते. त्यांच्यापर्यंत हात पोचावा म्हणून झाकण. झाकण चुकलं की छत शोभेचं.

आमचं चुकलं होतं. कसं, हे कळेना. ड्रॉइंगमध्ये झाकण स्पष्ट दाखवलेलं होतं. ते ड्रॉइंग बाईंनी कपाटातून काढून टेबलावर पसरलं.

"उजव्या भिंतीपासून चार फूट," त्या म्हणाल्या. "आपण डाव्या भिंतीपासून चार फुटांवर केलंत."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री वाशिमकडचा, माझ्याकडे पंधरा वर्षं, हाताला असं वळण की लेझरपेक्षा त्याची सुतळी सरळ. काम चालू होतं तेव्हा मी इथे नव्हतो. हिंजवडीला एका मोठ्या कंपनीच्या छताचं काम बघायला गेलो होतो. म्हणजे निघालो होतो. तिकडच्या ट्रॅफिकमध्ये दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी शेजारी अडकलेल्या कंपनी-बसमधल्या एका पोराशी माझी इतकी ओळख झाली की त्याने मला लग्नाला बोलावलं.

"मिस्त्री, तू ड्रॉइंग बघून आखलं होतंस ना?"

"मंग! बराबर पाहून," मिस्त्री दुखावला. "दाखवतो ना जी."

आणि त्याने ड्रॉइंग उचललं, हॉलच्या मधोमध फरशीवर उताणा झोपला, पाय दक्षिणेला, डोकं उत्तरेला, आणि ड्रॉइंग दोन्ही हातांनी तोंडावर धरलं, रविवारी दुपारी पेपर वाचतात तसं. "सीलिंगचं काम वर असते. म्हून ड्रॉइंग वर धरलं. उजवीकडे झाकण," उजवा हात पश्चिमेला करून तो म्हणाला. "हे पाहा. आपण तिथंच केलं."

मी पाहिलं. एकदम बरोबर. मी पंधरा वर्षं याच माणसाबरोबर काम करतोय आणि तो ड्रॉइंग असं वाचतो हे मला माहीत नव्हतं. दर वेळी हॉलचं दार एका कोपऱ्यात असायचं, खिडक्या एका बाजूला असायच्या, काही तरी जुळत नसायचं की तो उठून बसायचा, कागद फिरवायचा आणि जुळवायचा. इथे मेलं दार बरोबर मधोमध, दोन्ही टोकांना सारख्या दोन खिडक्या. जुळायला काही नव्हतंच, तर न जुळणार काय?

बाई खाली वाकल्या. साडीचा पदर सावरत फरशीवर बसल्या. मिस्त्रीच्या तोंडावरून कागद काढून त्याच्या शेजारी फरशीवर ठेवला, तोंड वर करून.

"यावर काय लिहिलंय?"

"आर. सी. पी.," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी फॅनकडे पाहिलं. आमच्या धंद्यात सगळे आर. सी. पी. म्हणतात. पूर्ण नाव रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन. इतकी वर्षं मी समजत होतो की रिफ्लेक्टेड म्हणजे छताला चकचकीत रंग द्यायचा असेल तर तो. चकचकीत रंगाचे मी जास्तीचे दर सुद्धा लावलेत.

"रिफ्लेक्टेड म्हणजे परावर्तित," बाई म्हणाल्या. "ही फरशी आरसा आहे असं समजा. आरशात खाली पाहिलं की वरचं छत दिसतं. हे ते दिसलेलं चित्र आहे. म्हणून हे खाली ठेवून वाचायचं. डोक्यावर धरलं की डावं-उजवं उलटं. कळलं का?"

"हौ," मिस्त्री म्हणाला. "आता कळलं जी. पण तुम्ही त्या टायमाले असत्या तं बरं झालं असतं."

"मी होते. आपण मला बाहेर बसायला सांगितलं होतंत. धूळ उडते म्हणून."

साडेआठ. उजवी भिंत म्हणजे पूर्वेची. ड्रॉइंगप्रमाणे व्हॉल्व्ह त्या पोटापासून हातभर अंतरावर. तिथे छत कापायचं. नवं कोरं, रंगवलेलं, चार दिवसांचं छत. मी उगाच शिडी दोनदा इकडेतिकडे सरकवली, बाईंना ती हलते असं सांगितलं.

कापायचं म्हणजे कुठेही करवत घालून चालत नाही. करवत सेक्शनवर गेली तर छताची बरगडीच कापली. रंगाखाली सेक्शन दिसत नाही. मी खिशातून लोहचुंबक काढला. आमच्या धंद्यातलं हे डॉक्टरी यंत्र. बोर्डावर हळूहळू फिरवायचा. पुट्टीखाली स्क्रू असला की तो चिकटतो. एक चिकटला. त्याच ओळीत नऊ इंचांवर दुसरा. नऊ इंचांवर तिसरा. ही सेक्शनची ओळ. मग आडवं सरकलो, दीड फुटावर पुढची ओळ. दोन्ही ओळी पेन्सिलीने आखल्या. त्यांच्या मध्ये चौदा इंचांचं भोक.

"सुंदर," बाई खालून म्हणाल्या. मी एवढा फुललो की शिडीवरून पडतच होतो. "पेन्सिल चांगली आहे," त्या पुढे म्हणाल्या.

भोक कापलं. डोकं आत घातलं. व्हॉल्व्ह समोर, नाकाला लागेल असा. बंद केला. पाणी थांबलं. वरून काकांचा आवाज आला, "बंद झालं का? माझी परात पण भरली!"

घड्याळात पावणेनऊ. मला वाटलं जिंकलो. मग मी टॉर्च जरा फिरवला आणि जिथून पाणी येत होतं ते पाहिलं.

काकांचा पाइप, प्लॅस्टिकचा, व्हॉल्व्हच्या पुढे एका आट्याच्या जोडावर खाली वाकला होता. त्याच्या गळ्यात माझा हँगर. पत्र्याची पट्टी पाइपवरून वळवून, तारेने घट्ट बांधून, खाली इंटर अडकवलेला. छताचा तो कोपरा स्लॅबला टांगलेलाच नव्हता. काकांच्या अंघोळीच्या पाण्याला टांगलेला होता. चार दिवस छताने पाइप खाली ओढला, आज जोड सैल झाला.

मी डोकं बाहेर काढलं. आता इथे माणसाची परीक्षा असते. मी परीक्षेला बसलो आणि नापास झालो.

"बाई, पाइप जुना आहे," मी म्हणालो. "सोसायटीचं काम. आजकाल प्लंबर कसे असतात तुम्हाला माहीतच आहे. जोडच कच्चा. आमच्या छताचा काही संबंध नाही."

काका आता सगळे नळ बंद करून खाली आले होते, हातात अजून परात. "पाइप मागच्या दिवाळीत बदलला," ते म्हणाले. "बिल आहे."

"दिवाळीचाच प्लंबर घाईत असतो काका, फराळाकडे लक्ष—"

"भाऊ," मिस्त्री मध्येच म्हणाला. तो शेजारच्या स्टुलावर चढून दुसऱ्या बाजूने भोकात पाहत होता. "हा हँगर तं म्याच बांधला ना."

सगळे माझ्याकडे वळले. रस्त्यावरची कोथिंबीरवालीसुद्धा.

"पाइपाला? मिस्त्री, पाइपाला हँगर बांधतात का कधी?" मी आवाज चढवला, कारण तेवढंच हातात होतं.

"तुम्हीच सांगतलं व्हतं जी. फोनवर. हिंजवडीहून. 'चार फूट म्हंजे चार फूट. इंच इकडचा तिकडे झाला तं मले तोंड दाखवू नको.' मी चार फूट मोजले, तं चौथ्या फुटावर स्लॅबले फास्टनर ठोकाले जागाच नाही. मधात पाइप. आता इंच हलवायचा नाही म्हटल्यावर मी काय करू? तुमच्या तोंडाकडे पाहून पाइपाले बांधला."

हे मी म्हणालो होतो. पुढेमागे शंभर हॉर्न वाजत होते, म्हणून जरा जोरातच म्हणालो होतो.

बाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "एक विचारू? ते चार फूट, बरोबर चार, की जास्तीत जास्त चार?"

"म्हणजे?"

"तीन फुटांवर हँगर लावला असता तर छत पडलं असतं का?"

"छे! तीनवर तर आणखी घट्ट."

"साडेतीनवर?"

"तरी उत्तम."

"साडेचारवर?"

"नाही चालणार. चारच्या वर गेलं की इंटर झोळ घेतो, आणि त्याबरोबर बोर्ड."

"मग आपण मिस्त्रींना 'चार फूट' असं सांगायला नको होतं. 'चार फुटांच्या आत' असं सांगायला हवं होतं. एका 'आत'साठी माझी सहा टेबलं भिजलीत." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "सातवीला असतं हे. पेक्षा लहान किंवा बरोबर. मुली नेहमी तेच विसरतात."

मी आजवर कितीतरी मिस्त्र्यांना 'चार फूट' सांगितलं होतं. 'आत' हा शब्द मी पंचवीस वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता. मला हडपसरपासून कात्रजपर्यंतची सगळी छतं एकदम डोळ्यांसमोर आली आणि त्यातल्या कोणकोणत्या चौथ्या फुटावर काय काय आलं असेल या विचाराने घाम फुटला.

"मग आता काय करायचं?" काका म्हणाले. "माझं पाणी आणि यांचं छत वेगळं करायचं का, की असंच राहणार दोघांनी?"

"करतो," मी म्हणालो. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी बढाई न मारता काम केलं, कारण वेळ नव्हता.

पाइपाच्या अलीकडे एक फास्टनर, पलीकडे एक, दोन्ही नवे हँगर थेट स्लॅबला, आणि त्या दोघांवर पाइपाच्या खालून एक जाड चॅनेल आडवा, पुलासारखा. इंटर त्या पुलाला. पाइपला कुणी हात लावायचा नाही, तो आपल्या क्लॅम्पवर, आपण आपल्या हँगरवर. ड्रिल लावलं तेव्हा हॉलभर अशी धूळ उडाली की बाई बाहेर गेल्या. यावेळी आपणहून. मिस्त्रीने जुनी पट्टी कापून पाइपाची मान सोडवली, मी जोड उघडून टेप गुंडाळून पुन्हा आवळला. व्हॉल्व्ह चार आटे उघडला. थेंब नाही. पूर्ण उघडला. थेंब नाही. काका वर जाऊन एक नळ उघडून आले आणि लगेच बंद करून आले. "येतंय," एवढंच म्हणाले.

मग चौदा इंचांचं भोक वाढवून दोन फुटांचं केलं. त्यात एक सेक्शन कापावा लागला. कापलेली दोन टोकं मोकळी सोडली तर छत तिथेच लोंबतं, म्हणून चारही बाजूंनी सेक्शनचे तुकडे घालून चौकट केली, शेजारच्या सेक्शनना बांधली, आणि चारही कोपऱ्यांना जास्तीचे हँगर. चार फुटांच्या चांगलेच आत. पश्चिमेचं झाकण चौकटीसकट काढून इकडे बसवलं. तिकडच्या भोकावर बोर्डाचा तुकडा मारला; तो पांढऱ्या छतात राखाडी दिसत होता, विजारीला ठिगळ लावावं तसा. पुट्टी वाळायला आणि रंग द्यायला दुसरा दिवस उजाडणार होता. भिजलेला बोर्डही तेव्हाच बदलणार होतो, तोवर तो आम्ही कापून काढला आणि खालची टेबलं पुढे सरकवली.

बाहेर आता आवाज वाढला होता. पोरं जमली होती. चाळीसेक असतील, मी लोकांना शंभर सांगतो. पाठीला सॅक, हातात पाण्याच्या बाटल्या, एक जण फुटपाथवर उभ्या उभ्या नदीजोड प्रकल्पाच्या नोट्स वाचत होता. दाराच्या काचेतून ती आत पाहत होती आणि कुणीच काही बोलत नव्हतं, कारण दारात बाई उभ्या होत्या.

मिस्त्रीने फरशी पुसली. पुसता पुसता तो ड्रॉइंगपाशी थांबला, खाली वाकून पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं, मग पुन्हा खाली. "हौ," स्वतःशीच म्हणाला. मग मला म्हणाला, "भाऊ, तो वाघोलीचा दवाखाना आठवते का? तिथं बी मी निजूनच वाचलं व्हतं."

"गप्प बस," मी म्हणालो. "त्याच्या छतात पाणी नाही. तिथे फक्त वायरी आहेत."

"वायरीचं झाकण बी मग—"

"मिस्त्री, चहा पिणार का?"

मला बाईंना काहीतरी म्हणायचं होतं. मी भाषणाचा माणूस आहे, गणपतीत मंडळाचं प्रास्ताविक माझ्याकडे असतं, एकदा तर माझं प्रास्ताविक संपेपर्यंत विसर्जनाची वेळ झाली होती. मी हात झटकले, केसांतली धूळ झटकली आणि बाईंसमोर उभा राहिलो.

"बाई," मी म्हणालो, "आज मी तुमच्याकडून शिकलो. पंचवीस वर्षं छतं करतोय, पण छत कसं वाचायचं ते आज कळलं. चूक माझी होती. पाइपाची नव्हती, प्लंबरची नव्हती, मिस्त्रीची तर नव्हतीच. पण आता हे छत बघा. या चौकटीला चार हँगर आहेत, त्या पुलाला दोन. मी शब्द देतो, इथे बसलेलं प्रत्येक पोर कलेक्टर होईल, निवृत्त होईल, त्याचं पोर इथे अभ्यासाला येईल, तरी हे छत एक सूत हलणार नाही. हत्ती नाही म्हणत मी आता. पण बाई, खरं सांगू का, अशी तुमच्यासारखी माणसं साइटवर असती ना, तर पुण्यातल्या एकाही—"

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दहा वाजले," त्या म्हणाल्या. "शिडी बाहेर घ्या."